लॉगच्या आधी मोल

बारावीच्या रसायनशास्त्राच्या सरावपत्रिकेत आयनिक समतोलाच्या प्रकरणावर एक प्रश्न हमखास असतो. थोड्याफार फरकाने तो असा असतो: ०.२० मोलर ॲसेटिक आम्लाच्या १५० मिली द्रावणात ०.३० मोलर सोडिअम ॲसेटेटचे ५० मिली द्रावण मिसळले. तयार झालेल्या बफर द्रावणाचा सामू काढा. ॲसेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक १.८ × १०⁻⁵ आहे.

सामू म्हणजे प्रयोगशाळेत ज्याला सगळे पीएच म्हणतात तोच. प्रश्न दोन-तीन गुणांचा, सूत्र एका ओळीचे, आणि ते बहुतेक मुलांना पाठ असते. तरीही याच प्रश्नाची उत्तरे वर्गात ४.४४, ४.९२, ५.०४ आणि ३.०४ अशी चार तऱ्हांची येतात. त्यातले बरोबर उत्तर एकच. बाकीची तीन का चुकली हे नीट पाहिले, तर बफर द्रावण म्हणजे काय तेही उलगडते. म्हणून या लेखात हा एकच प्रश्न हाताशी धरू आणि तोच थोडा थोडा बदलत पुढे जाऊ.

सूत्र कुठून आले

ॲसेटिक आम्ल सौम्य आहे. पाण्यात टाकल्यावर त्याचे बहुतेक रेणू अखंडच राहतात. अगदी थोडे रेणू फुटतात आणि त्यांतून हायड्रोजन आयन व ॲसेटेट आयन मिळतात. सोडिअम ॲसेटेट हा मात्र क्षार आहे. तो पाण्यात पूर्णपणे विचरित होतो आणि द्रावणात भरपूर ॲसेटेट आयन सोडतो. दोन्ही एकत्र आले की भांड्यात दोन मोठे साठे तयार होतात: न फुटलेल्या आम्लाचा एक आणि ॲसेटेट आयनांचा दुसरा. हायड्रोजन आयन त्यांच्या तुलनेत नगण्य असतात. समतोलाचा नियम या तिघांना बांधून ठेवतो:

Ka = [H⁺][CH₃COO⁻] / [CH₃COOH]

यातून हायड्रोजन आयनांची संहती वेगळी काढली, तर ती दोन गोष्टींवर ठरते. एक विचरण स्थिरांक, दुसरे आम्ल आणि ॲसेटेट यांचे गुणोत्तर. दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन चिन्ह बदलले की परीक्षेतले सूत्र मिळते:

pH = pKa + log([क्षार] / [आम्ल])

हे सूत्र दोन माणसांच्या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे लॉरेन्स हेंडरसन यांनी रक्तातील कार्बॉनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांचा अभ्यास करताना १९०८ मध्ये यातला गुणोत्तराचा संबंध मांडला. पुढच्याच वर्षी कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी सामूची मोजपट्टी आणली. मग डेन्मार्कचेच हासेलबाल्ख यांनी हेंडरसन यांचा संबंध लॉगच्या रूपात लिहिला. म्हणजे ज्याला आपण एक सूत्र म्हणतो, त्यातला गाभा गुणोत्तराचा आहे. लॉग त्यावर नंतर चढला. गणित सोडवतानाही हाच क्रम ठेवावा.

१५० मिली आणि ५० मिली

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आधी पीकेए. १.८ चा लॉग ०.२५५, म्हणून पीकेए म्हणजे ५ वजा ०.२५५, म्हणजेच ४.७४. काही पुस्तकांत हा आकडा ४.७६ दिसतो, कारण तिथे विचरण स्थिरांक १.७५ × १०⁻⁵ धरलेला असतो. प्रश्नात जो स्थिरांक दिला असेल तोच वापरायचा.

आता गुणोत्तर. इथे पहिला खड्डा आहे. प्रश्नात ०.२० आणि ०.३० हे आकडे ठळक दिसतात, आणि हात थेट ०.३० भागिले ०.२० करायला जातो. गुणोत्तर १.५ येते, त्याचा लॉग ०.१८, आणि उत्तर ४.९२. पण ०.२० आणि ०.३० या संहती मिसळण्यापूर्वीच्या, वेगवेगळ्या भांड्यांतल्या आहेत. सूत्राला मिसळल्यानंतर काय उरले ते हवे असते. एकाचे १५० मिली आणि दुसऱ्याचे ५० मिली घेतले असतील, तर हा फरक दुर्लक्षून चालत नाही.

म्हणून आधी मोल मोजायचे. मोलरमधली संहती आणि मिलीमधले आकारमान यांचा गुणाकार केला की मिलिमोल मिळतात.

आम्ल: ०.२० × १५० = ३० मिलिमोल
क्षार: ०.३० × ५० = १५ मिलिमोल

मिश्रण २०० मिलीचे झाले. संहती हव्याच असतील तर आम्लाची ०.१५० मोलर आणि क्षाराची ०.०७५ मोलर येईल. पण दोघेही त्याच २०० मिलीत आहेत. त्यामुळे भागाकारात २०० ला २०० ने काट बसते आणि १५ भागिले ३० एवढेच उरते. बफरच्या गणितात संहतीऐवजी मोल सरळ टाकता येतात ते याच कारणाने.

pH = ४.७४ + log(१५ / ३०) = ४.७४ − ०.३० = ४.४४

हे उत्तर बरोबर आहे. ५.०४ हे उत्तर अपूर्णांक उलटा लिहिल्याने येते, म्हणजे आम्ल वर आणि क्षार खाली. ही चूक पकडायला आकडेमोड पुन्हा करावी लागत नाही. भांड्यात क्षारापेक्षा आम्ल जास्त असेल, तर सामू पीकेएपेक्षा कमीच यायला हवा. क्षार जास्त असेल तर पीकेएपेक्षा जास्त, आणि दोन्ही सारखे असतील तर नेमका पीकेएइतका. इथे आम्ल दुप्पट आहे, म्हणून ४.७४ च्या वरचे कोणतेही उत्तर चूकच. ४.९२ हे उत्तरही याच कसोटीवर बाद होते.

उरले ३.०४. ही चूक लॉग टेबलाची आहे. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे ०.५ चा लॉग टेबलातून काढावा लागतो. टेबलात ०.६९९० मिळते, आणि संख्या एकपेक्षा लहान असल्याने पूर्णांशाच्या जागी डोक्यावर रेघ असलेला एक येतो. ती रेघ फक्त एकच्या डोक्यावर असते. उणे तेवढा एकच, ०.६९९० मात्र अधिक राहतात. म्हणून खरी किंमत −१ + ०.६९९, म्हणजे −०.३०१. घाईत तिला −१.६९९ समजून ४.७४ मधून वजा केले की ३.०४ हाती येते. यातून सुटण्याचा सोपा मार्ग असा की अपूर्णांक एकपेक्षा लहान असेल, तर तो उलटा करून लॉगच्या आधी उणे चिन्ह लावावे. log(१५/३०) च्या जागी −log २ लिहिले की टेबलात थेट ०.३०१० मिळते आणि रेघेचा प्रश्नच उरत नाही.

पाच मिली आम्ल, पाच मिली आम्लारी

बफरचे खरे काम दिसते ते त्यात काहीतरी टाकल्यावर. सरावपत्रिकेचा दुसरा भाग म्हणून असाच येतो: वरच्या द्रावणात १.० मोलर सोडिअम हायड्रॉक्साइडचे ५ मिली टाकले, तर सामू किती होईल?

सोडिअम हायड्रॉक्साइड तीव्र आम्लारी आहे. ५ मिलीत त्याचे ५ मिलिमोल आहेत, आणि ते ॲसेटिक आम्लाशी जवळजवळ पूर्णपणे अभिक्रिया करते. एका हायड्रॉक्साइड आयनामागे आम्लाचा एक रेणू जातो आणि त्याच्या जागी ॲसेटेटचा एक आयन येतो. हिशोब जमाखर्चाच्या वहीसारखा मांडावा, म्हणजे एका खात्यातून जेवढे गेले तेवढेच दुसऱ्या खात्यात जमा झालेले दिसतील.

आम्ल: ३० − ५ = २५ मिलिमोल
क्षार: १५ + ५ = २० मिलिमोल

pH = ४.७४ + log(२० / २५) = ४.७४ − ०.१० = ४.६४

सामू ४.४४ वरून ४.६४ वर गेला, अवघ्या ०.२० ने. हेच ५ मिली २०० मिली शुद्ध पाण्यात टाकले असते, तर हायड्रॉक्साइडची संहती सुमारे ०.०२४ मोलर झाली असती आणि सामू ७ वरून थेट १२.४ च्या आसपास पोचला असता. बफरमध्ये हायड्रॉक्साइड आयन साठूच शकत नाहीत, कारण आम्लाचा मोठा साठा त्यांना लगेच संपवतो. सामू थोडा सरकतो तो फक्त दोन साठ्यांचे गुणोत्तर बदलल्यामुळे.

त्याऐवजी मूळ द्रावणात १.० मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे ५ मिली टाकले, तर व्यवहार उलट्या दिशेने होतो. हायड्रोजन आयन ॲसेटेटला चिकटतात. क्षार १५ वरून १० वर येतो, आम्ल ३० वरून ३५ वर जाते. ३.५ चा लॉग ०.५४, म्हणून सामू ४.२०.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही वेळा ५ मिलिमोलच टाकले, पण आम्लारीने सामू ०.२० ने हलला आणि आम्लाने ०.२४ ने. हायड्रोक्लोरिक आम्ल ज्या साठ्यावर पडते तो ॲसेटेटचा साठा मुळातच लहान होता. दोन्ही साठे सारखे असते तर दोन्हीकडचा धक्का सारखाच बसला असता. म्हणूनच बफर तयार करताना आम्ल आणि क्षार शक्यतो सारख्या प्रमाणाच्या जवळ ठेवतात. एक साठा दुसऱ्याच्या दहापट झाला, म्हणजेच सामू पीकेएपासून एक एककाने दूर गेला, की लहान साठ्याच्या बाजूने द्रावण फारसे टिकाव धरत नाही.

क्षार न दिलेला प्रश्न

सरावपत्रिकेतला सर्वांत फसवा प्रश्न असतो तो क्षाराचे नावच न घेता विचारलेला. उदाहरणार्थ: ०.२० मोलर ॲसेटिक आम्लाचे १०० मिली आणि ०.२० मोलर सोडिअम हायड्रॉक्साइडचे ४० मिली मिसळले, सामू काढा. इथे क्षार बाटलीतून आलेला नाही, तो भांड्यातच तयार होणार आहे.

आम्ल २० मिलिमोल, आम्लारी ८ मिलिमोल. पुष्कळ मुले ८ ला क्षार आणि २० ला आम्ल धरतात आणि ४.३४ उत्तर काढतात. क्षार ८ मिलिमोल होतो हे खरे, पण तो बनवताना आम्लातलेही ८ मिलिमोल खर्च झाले, हे ते विसरतात. आम्ल उरते १२. म्हणून गुणोत्तर ८ भागिले १२, आणि सामू ४.७४ − ०.१८, म्हणजे ४.५६.

याच प्रश्नात सोडिअम हायड्रॉक्साइडचे ४० च्या जागी ५० मिली घेतले, तर बरोबर अर्धे आम्ल क्षारात बदलते. १० भागिले १० म्हणजे १, त्याचा लॉग शून्य, आणि सामू पीकेएइतका ४.७४. सौम्य आम्लाच्या अनुमापनात अर्ध्या वाटेवरचा सामू वाचून पीकेए काढतात, त्यामागे हेच कारण आहे. पण १०० मिली घेतले तर सगळे आम्ल संपते. भाजक शून्य होतो आणि सूत्र निरुत्तर होते. ते साहजिकच आहे, कारण आता भांड्यात बफर नाहीच, नुसते ०.१० मोलर सोडिअम ॲसेटेट आहे. त्याचा सामू क्षाराच्या जलापघटनाच्या सूत्राने काढावा लागतो आणि तो ८.८७ येतो. सूत्रात शून्य किंवा ऋण संख्या आली, तर गणित कुठे चुकले हे शोधण्याआधी बफर अजून शिल्लक आहे का, हे पाहावे.

ऋण संख्या कशी येते तेही पाहू. समजा आपले मूळ द्रावण दहापट सौम्य असते: आम्ल ३ मिलिमोल आणि क्षार १.५ मिलिमोल. गुणोत्तर तेच, म्हणून सामूही तोच ४.४४. आता त्यात तेच ५ मिली हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले. ५ मिलिमोल हायड्रोजन आयनांना पुरा पडायला ॲसेटेट आहे फक्त १.५ मिलिमोल. ते संपते आणि ३.५ मिलिमोल हायड्रोजन आयन मोकळे राहतात. २०५ मिलीत त्यांची संहती ०.०१७ मोलर, आणि सामू १.७७. सुरुवातीचा सामू दोन्ही द्रावणांत सारखा होता, पण एकाने ५ मिलिमोल सहज पचवले आणि दुसरे कोसळले. सामू साठ्यांच्या गुणोत्तरावर ठरतो, तर तो किती टिकेल हे साठ्यांच्या आकारावर ठरते.

बाटलीवरचे तीन पाणी

शेवटचा प्रकार उलट्या बाजूने येतो: ०.१० मोलर ॲसेटिक आम्लाच्या ५०० मिलीत किती ग्रॅम सोडिअम ॲसेटेट विरघळवले म्हणजे सामू ५.०० होईल? घन पदार्थामुळे आकारमान बदलत नाही असे माना.

५.०० वजा ४.७४ म्हणजे ०.२६. त्याचा प्रतिलॉग १.८२. म्हणजे क्षार आम्लाच्या १.८२ पट हवा. आम्ल ०.१० × ५०० = ५० मिलिमोल, म्हणून क्षार ९१ मिलिमोल, अर्थात ०.०९१ मोल. सोडिअम ॲसेटेटचे मोलर वस्तुमान ८२, म्हणून ०.०९१ × ८२, सुमारे ७.५ ग्रॅम. सरावपत्रिकेत उत्तर इथे संपते.

प्रयोगशाळेत मात्र आणखी एक पायरी असते. कपाटातली सोडिअम ॲसेटेटची बाटली बहुधा ट्रायहायड्रेटची असते, म्हणजे क्षाराच्या प्रत्येक एककासोबत स्फटिकजलाचे तीन रेणू असतात. त्याचे मोलर वस्तुमान ८२ नसून १३६ असते. तेवढेच ०.०९१ मोल मिळवायला १२.४ ग्रॅम घ्यावे लागतात. लेबल न वाचता त्याच बाटलीतून ७.५ ग्रॅम घेतले, तर प्रत्यक्षात ०.०५५ मोलच क्षार पडतो, गुणोत्तर १.१ होते आणि सामू ५.०० ऐवजी ४.७८ राहतो. मीटरने ४.७८ च्या आसपास आकडा दाखवला, तर मीटरला दोष देण्याआधी बाटलीवरचे सूत्र वाचावे. त्यात पुढे 3H₂O लिहिलेले असेल, तर चूक तिथेच सापडते.

मीटर आणि कागद यांत एक लहान फरक मात्र राहणारच. आम्ल आणि क्षार दोन्ही ०.१० मोलर असलेल्या बफरचा सामू सूत्राने ४.७४ येतो, पण चांगला मीटर तो ४.६५ च्या आसपास दाखवतो. द्रावणात आयनांची गर्दी झाली की ते एकमेकांना ओढतात आणि संहतीच्या मानाने कमी प्रभावी ठरतात. आपले सूत्र ही ओढ धरत नाही. दुसरी मर्यादा अगदी पातळ द्रावणांत दिसते. आम्ल आणि क्षार दोन्ही फक्त ०.०००१ मोलर असतील, तर आम्लाच्या विचरणातून येणारे आयन नगण्य राहत नाहीत. वर्गसमीकरण सोडवले तर सामू ४.८६ येतो, सूत्र मात्र ४.७४ च सांगत राहते. मिळालेली हायड्रोजन आयनांची संहती आम्ल आणि क्षार या दोघांच्याही तुलनेत शंभरावा भाग किंवा त्याहून कमी असेल, तर सूत्रावर निर्धास्त विसंबावे. ०.१० मोलरच्या बफरमध्ये ती पाच हजाराव्या भागाहूनही कमी असते.

हेंडरसन यांना ज्या रक्ताने या वाटेला लावले, त्याचेही गणित हेच आहे. रक्तद्रवात बायकार्बोनेट साधारण २४ मिलिमोल प्रति लिटर असते, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १.२, आणि शरीराच्या तापमानाला या जोडीचा पीकेए ६.१ धरतात. गुणोत्तर २०, त्याचा लॉग १.३, आणि सामू ७.४. पीकेएपासून एवढ्या दूर असलेला हा बफर बंद बाटलीत आम्लाच्या खात्यावर दुबळाच ठरला असता. पण फुप्फुसे जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतात आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेट सांभाळतात, म्हणून गुणोत्तर २० च्या आसपास राहते.

प्रश्न सरावपत्रिकेतला असो वा रक्ताचा, कामाचा क्रम एकच. अभिक्रिया होऊन झाल्यावर भांड्यात आम्ल किती उरले आणि क्षार किती झाला, हे दोन आकडे आधी कागदावर उतरवा. दोन्ही शून्याहून मोठे आहेत ना, हे पाहा. कोण जास्त आहे त्यावरून सामू पीकेएच्या वर येणार की खाली, हे ठरवा. मगच लॉग टेबल उघडा.